‘आठ दिवस बंद’ म्हणजे नक्की किती?

सप्टेंबरात एका शिलाईच्या दुकानाच्या शटरवर वहीचा कागद चिकटवलेला असतो : ‘गणपतीला गावी जात आहे. दुकान आठ दिवस बंद.’ ब्लाउज शिवायला टाकलेली बाई तो वाचून अडते. आठ दिवस कधीपासून मोजायचे? शिवाय मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे बऱ्याचदा ढोबळ आठवडा. गावाहून निघायला दोन दिवस उशीर झाला, तरी मालकाच्या लेखी ते आठच दिवस!

‘उद्या दुकान बंद’ या पाटीचीही तीच गत. ती काढायची राहिली, की रोजच ‘उद्या’. ‘20 तारखेपर्यंत बंद’ लिहिले, तर 20 तारीख धरायची की सोडायची? म्हणून बंदची पहिली व शेवटची तारीख लिहावी आणि उघडण्याची तारीख वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरांत द्यावी. गिऱ्हाईक तीच शोधत असते. सोबत वार असला, की तारीख चुकल्यास लगेच लक्षात येते.

आता तीच पाटी अशी लिहून पाहू :

ग्राहकांना नम्र सूचना
गणेशोत्सवानिमित्त आमचे दुकान शनिवार, 12 सप्टेंबर ते रविवार, 20 सप्टेंबर (दोन्ही दिवस धरून) बंद राहील.
सोमवार, 21 सप्टेंबर रोजी सकाळी 10 वाजता दुकान उघडेल.
तयार कपडे शुक्रवार, 11 सप्टेंबरला रात्री 9 वाजेपर्यंत घेऊन जावेत.
संपर्क : (मोबाइल क्रमांक), सकाळी 10 ते 12.
आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

यातली कपड्यांची ओळ सर्वांत मोलाची. शिंपी, लाँड्री, घड्याळजी यांच्याकडे लोकांच्या वस्तू अडकलेल्या असतात. नुसत्या ‘क्षमस्व’ने त्या परत मिळत नाहीत. त्यामुळे पाटी बंदच्या आदल्या रात्री लावून उपयोग नाही. चार-पाच दिवस आधी लावली, तरच कपडे नेता येतात. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस 24 तासांत नाहीसे होते, म्हणून ते रोज टाकावे लागते.

संपर्कासाठी जो फोन खरोखर उचलला जाईल, त्याचाच क्रमांक द्यावा. गावी रेंज नसेल, तर शेजारच्या दुकानदाराला विचारून त्याचा. ‘घरचे सगळे गावी गेलो आहोत’ हे मात्र पाटीवर नको; ते चोरालाही वाचता येते.

घरात आजारपण किंवा दुःखद घटना घडली, तर उघडण्याची तारीख ठरवता येत नाही. तेव्हा अंदाजाने तारीख टाकू नये आणि ‘पुढील सूचनेपर्यंत’ म्हणून मोकळेही होऊ नये. ‘घरगुती अडचणीमुळे दुकान बंद आहे. दुकान कधी उघडेल, ते गुरुवारी याच पाटीवर लिहू,’ इतके पुरते. गुरुवारी तारीख ठरली नसली, तरी पाटी बदलायची आणि पुढचा वार लिहायचा.