पाच मिनिटांत स्पेक शीट: आकडा कशाचा, ते विचारा

महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाने मला छोटेखानी भाषणासाठी बोलावलं होतं. विषय मुलांनीच दिला होता: फोन घेताना स्पेक शीट कशी वाचायची, आणि तीही पाच मिनिटांत, कारण दुकानात उभं राहून त्याहून जास्त वेळ मिळत नाही. मी भिंतीवर दोन शीट शेजारीशेजारी दाखवल्या. बाजारातल्या स्वस्त फोनांवरून मीच तयार केलेले ते नमुने होते; कंपनीचं नाव कुठेच नव्हतं.

पहिल्या फोनवर ठळक अक्षरांत होतं: ऑक्टा-कोर प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५० मेगापिक्सेल कॅमेरा, ९० हर्ट्झ स्क्रीन, ५००० एमएएच बॅटरी. दुसऱ्यावर सगळं तेच, फक्त रॅमच्या जागी ६ जीबी. “दोघांची किंमत जवळपास सारखी आहे. कोणता घ्याल?” असं विचारल्यावर बहुतेक सगळे हात पहिल्या फोनसाठी वर गेले. सोळा आणि सहा यांत निवड करायची तर दुसरं काय होणार?

मग आम्ही ती पानं एकेक ओळ करून वाचली. वाचायची रीत एकच ठेवली. ठळक आकडा दिसला की लगेच विचारायचं, “कशाचा?” आठ कोर, पण कशाचे? १२८ जीबी, पण कशावर? प्रत्येक आकड्याला एक जोडीदार असतो आणि तो बहुधा बारीक अक्षरांत असतो. तो सापडला की आकड्याला अर्थ येतो. तो पानावर नसलाच, तर त्या नसण्यातूनही बरंच कळतं.

पहिलं मिनिट प्रोसेसरला दिलं. ‘ऑक्टा-कोर’ म्हणजे आठ कोर, एवढंच. बारीक अक्षरांत पहिल्या फोनची चिप होती मीडियाटेकची हेलिओ जी३६ आणि दुसऱ्याची त्याच कंपनीची डायमेन्सिटी ६१००+. चिपचं नाव फोनवर शोधलं की आत कोणते कोर आहेत ते लगेच मिळतं. हेलिओ जी३६ मध्ये आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ जातीचे आहेत. या कोरची रचना २०१२ साली जाहीर झाली होती. डायमेन्सिटीमध्ये सहा लहान ए५५ आणि दोन मोठे ए७६ आहेत. ए७६ची रचना २०१८ची.

लहान आणि मोठा कोर यांतला फरक मी बँकेच्या खिडकीवरून समजावला. ए५३ ही एका रांगेची खिडकी. पुढचा माणूस खिशात पासबुक शोधत राहिला, तर मागचे सगळे ताटकळतात. ए७६ ही अशी खिडकी की तिथला कारकून म्हणतो, “तुम्ही शोधा तोवर, मागचे या.” शिवाय तो एका वेळी जास्त कागद हाताळतो. फोनमध्ये हे ‘शोधणं’ म्हणजे मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहणं, आणि ती वाट सतत पाहावी लागते. अॅप उघडणं, पान खाली सरकवणं, कीबोर्ड वर येणं ही कामं बरीचशी एकदोन कोरवरच होतात. तिथे आठ लहान कोर असून उपयोग नसतो. दोन मोठे असले तर फरक बोटाला जाणवतो. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: आजच्या फोनांत ‘ए’नंतर पाचाने सुरू होणारा आकडा लहान कोरचा, सातने सुरू होणारा मोठ्या कोरचा.

दुसरं मिनिट मेमरीचं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होता. १६ जीबीच्या शेजारी चांदणी होती आणि खाली तळटीप: ‘८ जीबी + ८ जीबी एक्सटेंडेड रॅम’. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, म्हणजे आठ जीबी नंतर बसवता येते का?” नाही. फोनच्या रॅममध्ये नंतर काही बसवता येत नाही. स्टोरेजमधलाच आठ जीबींचा तुकडा बाजूला काढून फोन त्याचा रॅमसारखा वापर करतो. रॅम भरली की जे अॅप सध्या समोर नाही, त्याची माहिती तिथे नेऊन ठेवतो आणि लागली की परत आणतो. म्हणजे १२८ जीबींतूनच आठ गेले, आणि त्यांच्या जागी मिळालेली जागा खऱ्या रॅमपेक्षा फारच मंद आहे.

किती मंद, ते स्टोरेजच्या जातीवर ठरतं. दुसऱ्या फोनच्या शीटवर ‘UFS 2.2’ असं लिहिलेलं होतं. पहिल्याच्या शीटवर १२८ जीबीपुढे काहीच नव्हतं. स्वस्त फोनांत दोन जाती आढळतात: जुनी eMMC आणि नवी UFS. eMMC 5.1 च्या जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० मेगाबाइट आहे, तर UFS 2.2 ची साधारण १२००. प्रत्यक्षात दोन्ही याहून कमीच देतात, पण अंतर राहतंच. दुसरा फरक रोजच्या वापरात जास्त जाणवतो. eMMC एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. UFS दोन्ही एकदम करू शकते. अॅप अपडेट होत असताना फोन अडखळतो, गॅलरी उघडायला वेळ लावतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. UFS असेल तर कंपनी ते सहसा अभिमानाने छापते. म्हणून पानावर ती तीन अक्षरं नसतील, तर eMMC आहे असं समजूनच चालावं आणि खात्रीसाठी दुकानदाराला विचारावं.

मात्र हेही मी मुलांना सांगितलं की पहिल्या फोनची आठ जीबी खरी रॅम दुसऱ्याच्या सहापेक्षा जास्तच आहे. मागे जास्त अॅप्स उघडी राहावीत हीच कुणाची मुख्य गरज असेल, तर तो गुण पहिल्याच्या खात्यात जातो. फक्त तुलना आठ आणि सहाची करायची, सोळा आणि सहाची नाही.

तिसरं मिनिट स्क्रीनचं. तिथे फार थांबावं लागलं नाही. दोन्हींवर ९० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला ९० वेळा बदलू शकतं. पण चित्र किती बारीक ठिपक्यांचं? पहिल्यावर ७२० × १६१२, दुसऱ्यावर १०८० × २४००. गुणाकार केला तर पहिल्यावर साडेअकरा लाखांच्या आसपास ठिपके आणि दुसऱ्यावर जवळपास २६ लाख. पडदे साधारण सारख्याच आकाराचे असताना ठिपके दुपटीहून जास्त. ज्यांना नोट्सची पीडीएफ फोनवर वाचायची आहे, त्यांनी हा गुणाकार जरूर करावा; देवनागरीतली जोडाक्षरं आणि रफार लहान आकारात नीट दिसतात की नाही, ते इथेच ठरतं.

चौथं मिनिट कॅमेऱ्याचं. दोन्हींवर ५० मेगापिक्सेल होते. इथे जोडीदार म्हणजे सेन्सरचा आकार, आणि तो १/२.७६ इंच असा अपूर्णांकात लिहितात. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. १/२.७६ इंचाच्या सेन्सरवर ५० मेगापिक्सेल बसवायचे तर प्रत्येक पिक्सेल जेमतेम ०.६४ मायक्रॉनचा होतो. एवढ्याशा पिक्सेलवर प्रकाश कमी पडतो, म्हणून फोन चार पिक्सेल एकत्र करून एक बनवतो आणि नेहमीचा फोटो १२.५ मेगापिक्सेलचाच निघतो. महागड्या फोनांत हेच ५० मेगापिक्सेल १/१.५६ इंचाच्या सेन्सरवर असतात. त्याचं क्षेत्रफळ साधारण अडीचपट, त्यामुळे संध्याकाळी घरात काढलेला फोटो कमी दाणेदार येतो. आमच्या दोन्ही फोनांत लहानच सेन्सर होता, म्हणून कॅमेऱ्याच्या बाबतीत बरोबरी ठरवून आम्ही पुढे गेलो. बरोबरी आहे हे कळणंही उपयोगाचं, कारण मग त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत.

शेवटचं मिनिट बॅटरीला न देता मी अपडेटला दिलं. दोन्ही बॅटऱ्या ५००० एमएएचच्याच होत्या. खोक्यात चार्जर मिळतो का, एवढं पाहिलं की पुरतं. अपडेटची ओळ मात्र अनेक शीटवर नसतेच. ती कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावी लागते. तिथे ‘तीन वर्षं सुरक्षा अपडेट’ असं दिसलं, तर विचारायचं: कधीपासून? ही वर्षं सहसा तो फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. समजा, फोन जानेवारी २०२४ मध्ये आला आणि तुम्ही तो नोव्हेंबर २०२५ मध्ये सवलतीत घेतला. तीन वर्षं जानेवारी २०२७ मध्ये संपतील, म्हणजे तुमच्या हाती चौदा महिने उरले. फोन त्यानंतरही चालेल, पण त्यातल्या सुरक्षेच्या नव्या फटी बुजवल्या जाणार नाहीत, आणि याच फोनवर यूपीआय आणि बँकेचं अॅप असतं. सवलत मोठी का मिळाली, याचं उत्तर कधीकधी या वजाबाकीत असतं. हातातल्या फोनचं आजचं वय पाहायचं असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात जाऊन शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा.

एका मुलाने विचारलं, “मग शीट वाचली की फोन कळला का?” पूर्ण नाही. उन्हात तासभर वापरल्यावर फोन किती तापतो आणि तापल्यावर वेग किती उतरतो, कॉलवर आवाज कसा येतो, तुमच्या तालुक्याच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे कुठल्याच शीटवर नसतं. त्यासाठी तो फोन सहा महिने वापरलेल्या ओळखीच्या माणसाला विचारावं. पण कोणते दोन फोन त्या प्रश्नापर्यंत न्यायचे, हे शीटवरून नक्की ठरवता येतं.

शेवटी मी पुन्हा हात वर करायला सांगितले. या वेळी बहुतेक हात दुसऱ्या फोनसाठी होते. दोघातिघांनी पहिलाच निवडला. त्यांना आठ जीबी रॅम हवी होती आणि बाकीच्या उणिवा त्यांना चालणार होत्या. ती निवडही माहीत असून केलेली होती, म्हणून मला तीही योग्यच वाटली.

घरात पुढचा फोन घ्यायची वेळ येईल, तेव्हा आईवडिलांसोबत दुकानात जा आणि या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या: कोर कोणते, स्टोरेज UFS आहे का, पडद्यावर ठिपके किती, सेन्सर केवढा, अपडेट कधीपर्यंत. पाचांपैकी तीन उत्तरं मिळत नसतील, तर त्या दिवशी पैसे देऊ नका.