मीटरभर तारेचे चुंबकत्व

विजेच्या तारेजवळ नेलेली चुंबकसुई हलते, हे हान्स ओरस्टेड यांनी 1820 मध्ये कोपनहेगनहून जाहीर केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बियो आणि सावार यांनी एका लांब, उभ्या तारेजवळ सुई टांगून तिच्या झोक्यांचा वेळ मोजला. तारेचा प्रभाव अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की निम्मा होतो, असे त्यांना आढळले. त्यावरून लाप्लास यांनी मूळ नियम शोधला: तारेच्या प्रत्येक चिमुकल्या तुकड्याचा प्रभाव मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे दुप्पट अंतरावर चौथाई होतो.

मग तुकड्यांचा वर्ग संपूर्ण तारेत जातो कुठे?

पाठ्यपुस्तकातले नेहमीचे सूत्र अनंत लांबीच्या तारेचे असते. आपण घेऊ 1 मीटर लांबीची उभी तार. तिच्यातून 10 अँपिअर विद्युतधारा वाहते आहे आणि तिच्या मध्यासमोर 10 सेंटीमीटरवर चुंबकसुई ठेवली आहे. या बिंदूपासून तारेपर्यंतच्या लंबांतराला d म्हणू. तारेवरचा dx लांबीचा तुकडा सुईपासून r अंतरावर असेल, तर त्याचा वाटा असा:

dB = (μ₀I/4π) · dx · sinθ / r²

यातला θ हा तार आणि सुईकडे जाणारी रेषा यांच्यातला कोन. तारेवरून पुढे सरकावे तसे x, r आणि θ तिन्ही एकदम बदलतात. बेरीज, म्हणजे इंटिग्रेशन, अवघड वाटते ते त्यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे तारेची वाटणी लांबीने न करता कोनाने करायची. सुईजवळून तारेकडे पाहिले, तर तुकड्याकडे जाणारी दृष्टिरेषा आणि लंब यांच्यात जो कोन होतो, तो φ. आता x = d·tanφ, r = d/cosφ आणि dx = d·dφ/cos²φ. शिवाय sinθ म्हणजेच cosφ.

समजा, एकेका अंशाचे तुकडे पाडले. लंबाच्या पायथ्याशी असलेला तुकडा जेमतेम 1.7 मिलिमीटर भरतो. 60 अंशांवर r दुप्पट होतो, म्हणजे लाप्लास यांच्या नियमानुसार प्रभाव चौथाई व्हायला हवा. पण तिथे तितक्याच एका अंशात मावणारा तुकडा चौपट, सुमारे 7 मिलिमीटरचा असतो. अंतराने घटवलेले लांबीने भरून निघते. उरतो तो केवळ तिरकेपणाचा परिणाम, cosφ, आणि तो 60 अंशांवर निम्मा असतो. ही काटछाट 60 अंशांवरच नव्हे, तर प्रत्येक कोनाला तंतोतंत जुळते. म्हणून बेरीज एवढीच राहते:

B = (μ₀I/4πd)(sinφ₁ + sinφ₂)

φ₁ आणि φ₂ म्हणजे तारेची दोन टोके लंबाशी करतात ते कोन. छेदात d एकदाच उरला; बियो-सावार यांना दिसलेले व्यस्त प्रमाण ते हेच.

आपल्या तारेसाठी कंसाबाहेरची राशी 10 मायक्रोटेस्ला येते. प्रत्येक टोकाचा साइन 0.98, म्हणून क्षेत्र 19.6 मायक्रोटेस्ला. अनंत तारेचे सूत्र 20 देते. फरक फक्त दोन टक्क्यांचा. तारेची लांबी 10 सेंटीमीटरच असती, तर उत्तर 8.9 आले असते आणि अनंत तारेच्या सूत्राने दुपटीहून जास्त फसवले असते.

पडताळा घ्यायचा तर सुई तारेच्या बरोबर उत्तरेला ठेवावी, म्हणजे तारेचे क्षेत्र पूर्व-पश्चिम येते. अलिबागच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 मायक्रोटेस्ला आहे, तेव्हा सुई साधारण 27 अंश वळायला हवी. वळण याहून बरेच वेगळे आले, तर संशय आधी जोडवायरींवर घ्यावा. स्थिर धारा तुटक तारेत वाहत नाही. तिला परतीची वाट लागतेच, आणि त्या वाटेचेही क्षेत्र असते. सूत्र सांगते तो फक्त एका सरळ भागाचा वाटा.

गणितात सर्वाधिक चुका टोकांच्या कोनांत होतात. सुई तारेच्या टोकापलीकडे असेल, तर लंबाचा पायथा तारेवर पडतच नाही, दोन्ही टोके त्याच्या एकाच बाजूला येतात, आणि साइनची बेरीज नव्हे, तर वजाबाकी करावी लागते.

पूर्ण परिपथाचे उत्तर हवे असेल, तर 20 सेंटीमीटर बाजूचे चौकोनी वेटोळे घ्यावे. केंद्रापासून प्रत्येक बाजू 10 सेंटीमीटरवर आणि टोकांचे कोन 45 अंशांचे. एका बाजूचे क्षेत्र 14.1 मायक्रोटेस्ला. चारही बाजूंची क्षेत्रे एकाच दिशेने असल्याने एकूण 56.6. बाजूंना अनंत तार मानणाऱ्याच्या वहीत मात्र 80 आलेले असतात.