बाटलीतलं क्रिएटिन कुठे जातं?

वाशीत पोलीस भरतीसाठी मेहनत घेणारी आपली काही मुलं क्रिएटिन घेतात. कुणी भुकटी आणतो, कुणी तयार पेयाची बाटली. आम्ही भुकटीच घ्यायला सांगतो.

कोरडं क्रिएटिन वर्षानुवर्षं टिकतं. पाण्यात मात्र त्याच्या रेणूची दोन टोकं हळूहळू जुळतात, कडं तयार होतं आणि त्याचं क्रिएटिनिन बनतं. ते स्नायूंच्या कामाचं नसतं. मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात.

पेय आंबट आणि हवा गरम असेल, तर हा बदल वेगाने होतो. २५ अंश तापमानाला, ३.५ पीएचच्या आंबट द्रावणात तीन दिवसांत सुमारे २१ टक्के क्रिएटिन संपतं. म्हणजे ५ ग्रॅममधलं एक ग्रॅम गेलं. बाटली तर दुकानात कित्येक आठवडे राहते, आणि आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. चव-रंगावरून हे कळत नाही. लेबल किती घातलं ते सांगतं, किती उरलं ते नाही.

म्हणून भुकटी कोरड्या डब्यात ठेवावी आणि पिताना पाण्यात ढवळून लगेच घ्यावी. रमजानात सहेरीला घ्यायचं असेल, तर सहेरीलाच ढवळावं.