सिंधू ते छांगआन: युआन श्वांगच्या पोथ्यांचा प्रवास

इ.स. ६४३ मध्ये चिनी भिक्खू युआन श्वांग प्रयागला सम्राट हर्षवर्धनाचा निरोप घेऊन मायदेशी निघाला. भारतातील वास्तव्यात त्याने नालंदा महाविहारात अध्ययन केले होते. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्रही त्याने पाहिला होता. परतताना त्याच्याबरोबर बुद्धमूर्ती, धातू-अवशेष आणि शेकडो संस्कृत ग्रंथ होते. समुद्रमार्ग टाळून त्याने खुश्कीची वाट धरली.

त्या काळी भारतात ग्रंथ मुख्यतः ताडपत्रावर आणि वायव्येकडे भूर्जपत्रावर लिहीत. सुटी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून दोरीने बांधली जात. अशी पोथी पाण्याने खराब होई आणि हाताळणीत पाने तुटत. शिवाय ओझे मोठे असल्याने एकट्या प्रवाशाला ते नेणे अशक्य होते. हर्षाने वाहतुकीसाठी एक मोठा हत्ती आणि खर्चासाठी सोने व चांदीची नाणी दिली. वाटेवरच्या राजांच्या नावे पांढऱ्या सुती कापडावर पत्रे लिहवून, त्यांवर लाल लाखेची मोहोर उठवून ती आपल्या अधिकाऱ्यांबरोबर पाठवली. पुढच्या प्रत्येक राज्याने वाटाडे आणि जनावरे द्यावीत, असे त्यांत लिहिले होते.

पहिले नुकसान सिंधू नदीवर झाले. युआन श्वांग स्वतः हत्तीवर बसून पार झाला. पोथ्या, मूर्ती आणि सोबतचे लोक नावेत होते. मध्यावर वारा सुटला आणि नाव कलंडू लागली. पोथ्यांची राखण करणारा माणूस पाण्यात पडला. त्याला वाचवण्यात आले, पण सुमारे पन्नास पोथ्या आणि भारतातून घेतलेली फुलांची बियाणी बुडाली. हे नुकसान त्याने तसेच सोडले नाही. नदीकाठच्या उदभांडपूर, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील हुंड येथे, तो पन्नासएक दिवस थांबला. तेवढ्या काळात माणसे स्वातच्या खोऱ्यातील उद्यान प्रदेशात पाठवून त्याने काश्यपीय पंथाचे त्रिपिटक नकलून आणवले.

त्यानंतर हिंदुकुश आणि पामीर ओलांडायचे होते. आजच्या ताश्कुरगानच्या पुढे काफिल्यावर दरोडा पडला. व्यापारी डोंगरावर पळाले. पाठलागात हत्ती पाण्यात पडून बुडाला. पोथ्या वाचल्या, पण त्या वाहून नेणारे मुख्य जनावर गेले. उरलेले ओझे घेऊन युआन श्वांग काशगरमार्गे खोतानला पोहोचला.

खोतान हे तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेवरचे संपन्न बौद्ध राज्य होते. इथे त्याला काही महिने थांबावे लागले, कारण त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे वाहतूक. दुसरी अधिक नाजूक होती: चीन सोडताना त्याने सम्राटाची परवानगी घेतली नव्हती. म्हणून एका व्यापारी काफिल्याबरोबर त्याने सम्राट थाय्झोंगला पत्र पाठवले. विनापरवाना गेल्याची कबुली त्यात होती. हत्ती बुडाल्याने ग्रंथ नेण्यास साधन नाही, हेही त्यात सांगितले होते. उत्तराची वाट पाहताना त्याने कुचा आणि काशगरला माणसे धाडून बुडालेल्या ग्रंथांच्या प्रती शोधायला लावल्या. सम्राटाने त्याला माफ केले, लवकर येण्यास सांगितले आणि वाटेवरच्या अधिकाऱ्यांना माणसे व जनावरे देण्याचा हुकूम दिला.

खोतानहून पूर्वेकडे निया आणि चर्चनवरून दुनहुआंगकडे जाणारा पट्टा सर्वांत बिकट होता. वाऱ्याने वाळूचे ढीग सरकत आणि पावलांच्या खुणा पुसून जात. पाणी आणि चारा मिळत नसे. वाट सापडावी म्हणून प्रवासी मेलेल्यांच्या हाडांचे ढीग रचून खूण करत, असे युआन श्वांगने नोंदवले आहे. गरम वाऱ्यात भान हरपते आणि गाण्या-रडण्याचे आवाज ऐकून माणसे वाट चुकतात, असेही तो लिहितो. एकाच ताफ्याने हे सारे अंतर कापणे कठीण असल्याने माणसे आणि जनावरे टप्प्याटप्प्याने बदलली जात. दुनहुआंगला पोहोचल्यावर खोतानचा ताफा माघारी गेला आणि पुढची जबाबदारी चिनी अधिकाऱ्यांनी घेतली.

इ.स. ६४५ च्या आरंभी तो राजधानी छांगआनला पोहोचला. वीस घोड्यांवर लादलेल्या ५२० पोथीबंधांत ६५७ ग्रंथ होते. उरलेली सुमारे एकोणीस वर्षे त्याने भाषांतरात घालवली. संस्कृत पाठ वाचणारे, चिनीत उतरवणारे, पडताळणारे आणि भाषा सुधारणारे असे अनेक विद्वान त्याच्या हाताखाली काम करत. इ.स. ६६४ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत सुमारे पंचाहत्तर ग्रंथांचे भाषांतर पूर्ण झाले होते. आणलेल्या ग्रंथांचा बराच भाग तसाच राहिला. सिंधूत बुडालेल्या पोथ्यांचा शोधही त्याने सोडला नव्हता: इ.स. ६५४ मध्ये मगधातील भिक्खू ज्ञानप्रभ याला लिहिलेल्या पत्रासोबत त्याने त्या ग्रंथांची यादी धाडली आणि त्यांच्या प्रती पाठवण्याची विनंती केली.