सरासरी विचलन आणि प्रमाण विचलन : पाच गैरसमज

आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, हे सांगण्यासाठी पाठ्यपुस्तकांत प्रमाण विचलन हे माप सर्रास वापरतात. सरासरी विचलन हे त्याच कामाचे दुसरे, समजायला सोपे माप. पण दोन्ही मापांविषयी काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत. एकच उदाहरण घेऊन त्या तपासून पाहू.

समजा, घरून कार्यालयात पोहोचायला पाच दिवस अनुक्रमे 40, 42, 45, 48 आणि 50 मिनिटे लागली. सरासरी 45 मिनिटे. प्रत्येक दिवशीचा सरासरीपासूनचा फरक उणे 5, उणे 3, 0, 3 आणि 5. या फरकांची बेरीज शून्य येते. ती नेहमीच शून्य येते, म्हणून तिचा उपयोग नाही. उणे चिन्हे बाजूला ठेवून बेरीज केली तर 16, आणि तिला 5 ने भागले तर 3.2 मिनिटे. हे सरासरी विचलन. प्रमाण विचलनासाठी तेच फरक वर्ग करून मिळवायचे : 25, 9, 0, 9, 25, एकूण 68. पाचाने भागून 13.6, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे 3.69 मिनिटे.

गैरसमज 1 : प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांचे सरासरीपासूनचे सरासरी अंतर.

वस्तुस्थिती : सरासरी अंतर 3.2 मिनिटे आहे, 3.69 नव्हे. वर्ग करताना मोठ्या फरकांना जास्त वजन मिळते, म्हणून प्रमाण विचलन सरासरी विचलनाइतके किंवा त्याहून मोठे असते. लहान कधीच नसते. आकडे घंटाकृती वक्रात पसरलेले असतील, तर सरासरी विचलन प्रमाण विचलनाच्या साधारण 80 टक्के भरते. ही गल्लत फक्त विद्यार्थी करतात असे नाही. डॅनियल गोल्डस्टीन आणि नसीम निकोलस तालेब यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले, की गुंतवणूक क्षेत्रात काम करणारी माणसेही एकाच्या जागी दुसरे समजत होती. शेअरच्या भावातील चढउताराचे प्रमाण विचलन सांगितले, की ऐकणारा मनात सरासरी अंतरच धरतो आणि जोखमीचा अंदाज चुकतो. नवशिक्याला आधी सरासरी विचलन शिकवावे, याचे खरे कारण हे आहे. ‘रोज सरासरीपेक्षा साधारण 3 मिनिटे इकडेतिकडे’ हे वाक्य त्या आकड्याचा थेट अर्थ आहे. 3.69 चा अर्थ इतक्या साध्या वाक्यात सांगता येत नाही.

गैरसमज 2 : वर्ग करतात ते फक्त उणे चिन्ह घालवण्यासाठी.

वस्तुस्थिती : तेवढेच काम असते, तर चिन्ह सोडून देणे पुरले असते. वर्ग केल्याने मापाचा स्वभावच बदलतो. आपल्या उदाहरणात पाचव्या दिवशी पाणी तुंबले आणि 50 ऐवजी 80 मिनिटे लागली, असे धरा. आता सरासरी 51 आणि फरक 11, 9, 6, 3 व 29. चिन्ह सोडून केलेल्या 58 च्या बेरजेत त्या एका दिवसाचा वाटा 29, म्हणजे निम्मा. वर्गांच्या 1088 च्या बेरजेत त्याच दिवसाचा वाटा 841, म्हणजे 77 टक्के. उरलेले चार दिवस जणू मोजलेच गेले नाहीत.

गैरसमज 3 : सरासरी विचलनावर टोकाच्या आकड्याचा परिणाम होत नाही.

वस्तुस्थिती : होतो, आणि चांगलाच होतो. वरच्या उदाहरणात सरासरी विचलन 3.2 वरून 11.6 वर गेले, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. प्रमाण विचलन 3.69 वरून 14.75 झाले, म्हणजे चौपट. फरक आहे, पण तो उन्नीस-बीसचा. सरासरी विचलन सौम्य आहे, अभेद्य नाही, कारण मुळात 51 ही सरासरीच त्या एका दिवसाने ओढून नेली आहे.

टोकाच्या आकड्याला खरोखर दाद न देणारे माप हवे असेल, तर मध्यकाकडे जावे लागते. दोन्ही वेळा मधला आकडा 45 च आहे. त्यापासूनची अंतरे काढून त्यांतले मधले घेतले, तर पाऊस पडो वा न पडो, उत्तर 3 च येते. या मापाला आणि सरासरी विचलनाला इंग्रजीत एमएडी हेच लघुरूप वापरतात. म्हणून अहवालात हे लघुरूप दिसले, की नेमके कोणते माप मोजले आहे ते आधी पाहावे.

गैरसमज 4 : सरासरी विचलन शाळेपुरते, शास्त्रज्ञांनी ते केव्हाच बाद केले.

वस्तुस्थिती : यावर मोठा वाद झाला आहे. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी 1914 मध्ये ताऱ्यांच्या गतीवरील पुस्तकात सरासरी विचलनाची बाजू घेतली होती. रोनाल्ड फिशर यांनी 1920 मध्ये त्याला उत्तर दिले : आकडे तंतोतंत घंटाकृती वक्रात बसत असतील, तर प्रमाण विचलन सरस. त्याला 100 निरीक्षणांतून जी अचूकता मिळते, ती गाठायला सरासरी विचलनाला सुमारे 114 निरीक्षणे लागतात. पाठ्यपुस्तकांनी निकाल उचलला आणि त्यामागची अट मागे पडली. 1960 मध्ये जॉन ट्युकी यांनी दाखवले, की ती अट फारच नाजूक आहे. हजार निरीक्षणांत दोनच जरी तिप्पट पसरट वक्रातून आली, तरी ही आघाडी संपते आणि सरासरी विचलन पुढे जाते. प्रत्यक्ष मोजमापांत चुकीची नोंद किंवा एखादा विचित्र दिवस इतका तरी असतोच.

गैरसमज 5 : मग प्रमाण विचलन शिकण्याची गरजच नाही.

वस्तुस्थिती : गरज आहे, कारण वर्गांची बेरीज जुळते. प्रवासाचा पहिला टप्पा बसचा आणि दुसरा रेल्वेचा असेल, आणि एकाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नसेल, तर दोन्ही प्रमाण विचलनांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की पूर्ण प्रवासाचे प्रमाण विचलन मिळते. 3 आणि 4 मिनिटे असतील, तर एकूण 5. सरासरी विचलनाला असा नियम नाही. दोन टप्प्यांची सरासरी विचलने माहीत असूनही एकूण किती, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. नमुन्यावरून अंदाज बांधणे, चाचण्या आणि त्रुटीची मर्यादा हे पुढचे बहुतेक गणित या बेरजेवर उभे आहे.

एक्सेलमध्ये पडताळून पाहणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पहिल्या पाच आकड्यांसाठी `AVEDEV` 3.2 देते आणि `STDEV.P` 3.69. पण `STDEV.S` 4.12 दाखवते, कारण ते आकड्यांना नमुना मानून 5 ऐवजी 4 ने भागते. उत्तर जुळत नसेल, तर चूक बहुधा तुमच्या गणितात नसून निवडलेल्या सूत्रात असते.

सारांश असा : हातातल्या आकड्यांचे वर्णन करायचे असेल, तर सरासरी विचलन सांगा; ऐकणाऱ्याला ते जसेच्या तसे कळेल. त्या आकड्यांवरून पुढचे गणित करायचे असेल, तर प्रमाण विचलन घ्या. आणि दोन्ही काढून पाहा. प्रमाण विचलन सरासरी विचलनाच्या सव्वापटीपेक्षा बरेच मोठे निघाले, तर आकड्यांत एखादा टोकाचा दिवस दडला आहे का, ते आधी शोधा.