तपासाचा वेग, कथेचा वेग

स्वीडनमधल्या मोताला गावाजवळ, योटा कालव्याच्या दरवाजांपाशी गाळ काढण्याचं काम चालू असतं. जुलै महिना. गाळाबरोबर एका तरुणीचा मृतदेह वर येतो. अंगावर कपडे नाहीत, दागिना नाही, ओळख पटेल असं काहीच नाही. मय शोवाल आणि पेर वाल्यो या लेखक जोडप्याची ‘रोझअ‍ॅना’ ही १९६५ सालची कादंबरी इथून सुरू होते. आणि मग कित्येक आठवडे काहीच घडत नाही.

रहस्यकथेत असं चालतं का? आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवर वाढलेल्या वाचकाला पानागणिक काहीतरी घडण्याची सवय असते. पोलीस-तपासाच्या कादंबरीत एकटा हुशार गुप्तहेर नसतो. तिथे पगारावर काम करणारं पथक असतं, अहवाल असतात, फोनची वाट पाहणं असतं. मग हे सगळं किती लिहायचं? माझ्या मते याचं उत्तर ‘रोझअ‍ॅना’इतकं स्पष्ट फार कमी पुस्तकांत सापडतं.

मार्टिन बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांना मृत तरुणीचं नावच माहीत नाही. कोण हरवलंय, कुणी तक्रार दिलीय, याची विचारपूस देशाबाहेरही जाते. बेकचं पोट बिघडतं, सर्दी जाता जात नाही. लेखकांनी या रिकाम्या दिवसांतला प्रत्येक फोन लिहिलेला नाही. कंटाळा त्यांनी थोड्या ओळींत बसवला आहे, पण त्याचं ओझं मात्र कमी होऊ दिलेलं नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या लिंकन शहरातून काफ्का नावाच्या पोलीस अधिकाऱ्याकडून ओळख पटल्याची बातमी येते, तेव्हा एवढ्याशा निरोपाने वाचक ताठ बसतो. ती रोझअ‍ॅना मॅकग्रॉ, ग्रंथालयात काम करणारी.

यापुढची युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते. काफ्का तिच्या ओळखीच्यांचे जबाब नोंदवून पाठवतो आणि ते कादंबरीत प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असे जसेच्या तसे येतात. एरवी कोरडा वाटणारा हा सरकारी कागद. पण त्या उत्तरांतून एक स्वतंत्र वृत्तीची, हट्टी, जिवंत बाई उभी राहते. तोवर ती फक्त एक प्रेत होती. इथे तपशील कथेचा वेग रोखत नाही, उलट पुढे कशासाठी वाचायचं ते देतो.

मग कळतं की ती कालव्यातल्या प्रवासी बोटीवर होती. प्रवासी आणि खलाशी धरून ८५ माणसं, निरनिराळ्या देशांत पांगलेली. बोटीवर कॅमेरे नव्हते, पण पर्यटकांच्या हातांत होते. म्हणून पोलीस त्यांच्या सहलीचे फोटो आणि चित्रफिती मागवतात. बेक ती दृश्यं पुन्हा पुन्हा पाहतो. रोझअ‍ॅना कुठे दिसते, शेजारी कोण आहे? पानंच्या पानं पाहणंच चालतं, तरी ती सोडवत नाहीत, कारण शोध कुणाचा आहे हे आपल्याला माहीत असतं आणि तो संपलेला नसतो.

तपशील कथेला जड कधी होतो? दोन जाणकार एकमेकांना माहीत असलेलं समजावू लागतात तेव्हा. तपास अधिकाऱ्याला हवालदार सांगतोय, ‘साहेब, पंचनाम्याला पंच लागतात’ – हे वाक्य साहेबांसाठी नसून वाचकासाठी लिहिलेलं आहे, हे लगेच कळतं. तेच पंच बोलावल्यावर कुणी येईना, शेजारी दार लावून घेऊ लागले, संध्याकाळ होत आली आणि प्रेत उघड्यावर पडून आहे, असं लिहिलं तर नियमही कळतो आणि गावही कळतं. मजकूर तपासायची एक सोपी रीत आहे. तो परिच्छेद काढून पाहावा. पोलिसाची अडचण, त्याची समजूत किंवा मृत माणसाची ओळख यांतलं काहीच बदललं नाही, तर तो लेखकाच्या टिपणवहीतच राहू द्यावा.

वास्तवालाही कात्री लावावी लागतेच. खऱ्या पोलिसाच्या टेबलावर एकाच वेळी अनेक प्रकरणं असतात. अमेरिकेच्या एड मॅकबेनने १९५६ मध्ये सुरू केलेल्या ८७व्या पोलीस ठाण्याच्या मालिकेत कधी कधी दोन-तीन तपास शेजारी शेजारी चालवले, छापील फॉर्मसुद्धा पानावर आणले. शोवाल-वाल्यो यांनी ‘रोझअ‍ॅना’मध्ये एकच प्रकरण धरलं आणि वेळ मात्र खरा ठेवला. माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं. पोलीस ठाण्यात फॉर्म कसा भरतात हे पुस्तक मिटल्यावर आपण विसरतो. वाट पाहणं विसरत नाही.

या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात बेकच्या दहाच कादंबऱ्या लिहिल्या. वाचायला घेणार असाल तर पहिलीपासूनच घ्या, आणि सुरुवातीच्या त्या रिकाम्या आठवड्यांची पानं चाळू नका.