तळं गुलाबी होतं तेव्हा

युनिटीमध्ये गेम बनवणारा एखादा विद्यार्थी पाण्याचा शेडर पॅक विकत घेतो, तळ्याला लावतो आणि पाहतो तर काय, तळं भडक गुलाबी! हा रंग म्हणजे युनिटीची धोक्याची खूण असते: हा शेडर इथे चालत नाही.

शेडर म्हणजे पृष्ठभागावरचा प्रकाश आणि रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. चित्र रंगवण्याच्या युनिटीच्या पद्धती तीन आहेत: जुनी बिल्ट-इन, हलकी यूआरपी आणि भारी यंत्रांसाठीची एचडीआरपी. एकीसाठी लिहिलेला शेडर दुसरीत सहसा चालत नाही. म्हणून पॅकच्या रिलीज नोट्समध्ये सर्वांत आधी पाहायची ती पाइपलाइनची यादी.

त्यानंतर मर्यादा वाचाव्यात. पाण्याखालचे दगड हलताना दिसावेत म्हणून बिल्ट-इनमधले शेडर `GrabPass` वापरून मागचं चित्र उचलतात. यूआरपीत ती सोय नाही. तिथे सेटिंगमधलं `Opaque Texture` चालू करावं लागतं, नाहीतर पाण्याचा तळ नीट दिसत नाही. शिवाय त्या चित्रात फक्त अपारदर्शक वस्तू येतात. दगड दिसतात, पण पाण्यातला काचेचा पारदर्शक गोळा त्यात उमटत नाही.

नवी आवृत्ती घेताना आधी प्रोजेक्टची प्रत काढावी. मग जुनं फोल्डर काढून नवा पॅक टाकावा. नुसता वरून टाकला, तर नव्या आवृत्तीतून वगळलेल्या फायली तशाच राहतात. युनिटीचा `Render Pipeline Converter` मुख्यतः तिच्या स्वतःच्या शेडरवरचं मटेरियल बदलतो. विकतच्या पॅकसाठी त्याच्या कर्त्याने दिलेली यूआरपीची आवृत्तीच घ्यावी लागते.